आधी लाइटबिल, मग गच्ची

घराच्या गच्चीवर सोलर बसवून देणाऱ्या छोट्या कंपनीचा खरा खर्च जाहिरातीवर होत नाही. तो होतो साइट व्हिजिटवर. इंजिनिअर मोटरसायकल काढतो, वीस किलोमीटर जातो, गच्चीवर चढून मापं घेतो, चहा पितो आणि परत येतो. यात त्याचा अर्धा दिवस जातो. तिथे गेल्यावर घर भाड्याचं निघालं, तर तो अर्धा दिवस बुडीत. म्हणून या धंद्यात "लीड किती आल्या?" या प्रश्नाला फारसा अर्थ नाही. कोणत्या गच्चीवर चढायचं हे फोनवरच किती नीट ठरतं, त्यावर सगळं गणित फिरतं.

साताऱ्याजवळचा एक इन्स्टॉलर डोळ्यांसमोर आणू. पुढचे आकडे हिशेब समजावा म्हणून धरलेले आहेत. महिन्याला २०,००० रुपये तो फेसबुक-इन्स्टाग्रामच्या जाहिरातींवर घालतो. पहिल्या महिन्यात जाहिरात अशी: "मोफत वीज! लाइटबिल शून्य! आजच नोंदणी करा." ८० रुपयांना एक या भावाने २५० फॉर्म येतात आणि तो खूश होतो. फोन उचलून "हो, या की" म्हणणाऱ्या साठ घरी माणूस जातो. पेट्रोल आणि पगार धरून एका फेरीचे ६०० रुपये, म्हणजे ३६,००० झाले. त्यातून कामं मिळतात चार. एका कामामागे १४,००० रुपये नुसतं गिऱ्हाईक मिळवण्यात गेले. ३ किलोवॉटचं काम १ लाख ९० हजारांचं आणि त्यात दहा टक्के सुटतात असं धरलं, तर १९,००० मधले १४,००० तिथेच संपले.

दुसऱ्या महिन्यात तो जाहिरात बदलतो: "स्वतःचं घर, स्वतःची गच्ची आणि महिन्याला २०० युनिटच्या वर वापर? लाइटबिलाचा फोटो पाठवा, किती किलोवॉट लागेल ते सांगतो." फॉर्म तयार करताना फेसबुक 'More volume' आणि 'Higher intent' असे पर्याय दाखवतं. दुसऱ्या पर्यायात माहिती पाठवण्यापूर्वी ती पुन्हा तपासून पक्की करावी लागते, त्यामुळे बोट चुकून लागलेले लोक गळतात. फॉर्म ८०च येतात, एकेक २५० रुपयांना पडतो. जाहिरात देऊन देणारा एजंट इथे नाक मुरडणार, कारण त्याचं कौतुक फॉर्मच्या आकड्यावर होतं. पण ८० पैकी ३५ जण बिल पाठवतात, १८ घरी फेरी होते आणि पाच कामं ठरतात. फेऱ्यांचे १०,८०० मिळवून खर्च ३०,८००, म्हणजे कामामागे ६,१६० रुपये.

फरक पाडला तो बिलाच्या फोटोने. महावितरणच्या बिलावर मागच्या महिन्यांचा वापर असतो, मंजूर भार असतो, सिंगल फेज की थ्री फेज ते असतं आणि ग्राहकाचं नाव असतं. आपल्याकडे १ किलोवॉटचं पॅनेल सरासरीने दिवसाला ४ युनिट, म्हणजे महिन्याला साधारण १२० युनिट देतं. वापर ३०० युनिट असेल तर भागिले १२०, अडीच आलं, म्हणजे ३ किलोवॉट. त्याला सावली न पडणारी तीनेकशे चौरस फूट जागा हवी. वापर ८० युनिटचा असेल तर पहिल्या स्लॅबची वीज स्वस्त असल्याने गुंतवणूक वसूल व्हायला फार वर्षं लागतात. त्या माणसाला फोनवरच तसं सांगावं. काही महिन्यांनी एसी घेतला की तोच परत फोन करतो.

बिलावरचं नाव तर सगळ्यांत आधी वाचावं. कितीतरी घरांत मीटर वारलेल्या आजोबांच्या नावावर असतो. 'पीएम सूर्यघर' योजनेत ३ किलोवॉट वा त्याहून मोठ्या संचाला ७८,००० रुपये अनुदान आहे, पण अर्ज करणाऱ्याचं नाव वीजजोडणीच्या नावाशी जुळावं लागतं. गच्ची मोजून, दर ठरवून, पोर्टलवर अर्ज भरायला बसल्यावर हे कळलं, तर गिऱ्हाईक चिडतं आणि दोष इन्स्टॉलरच्या माथी येतो. तेव्हा आधी नाव बदलून घ्या म्हणावं, त्याची कागदपत्रं सांगावीत आणि मग तारीख द्यावी.

फोनवरच्या बोलण्यात दोन गैरसमज मुद्दाम उकरून काढावे लागतात. एक, बिल अगदी शून्य होत नाही. युनिट नेट मीटरिंगमध्ये वजा झाले तरी स्थिर आकार राहतो. दोन, बॅटरी नसलेला संच वीज गेली की बंद पडतो. लाइनवर काम करणाऱ्या वायरमनला शॉक बसू नये म्हणून इन्व्हर्टर स्वतःच थांबतो. लोडशेडिंगवर उपाय म्हणून सोलर हवा असेल, तर ते वेगळं आणि महागडं काम आहे. हे ऐकून काही जण मागे फिरतात. फिरू द्यावेत, गच्चीवर उभं राहून हीच गोष्ट कळली असती, तर फेरीही गेली असती आणि विश्वासही. वॉटर प्युरिफायरच्या धंद्यात काही विक्रेते याच्या उलट वागतात: पाण्यात वीज सोडून ते तपकिरी करून दाखवतात. तो रंग बहुतेक सळीच्या लोखंडाचा असतो, पाण्यातल्या घाणीचा नव्हे. अशा भीतीवर ठरलेलं काम शेजाऱ्याने शहाणपण सांगितलं की मोडतं.

बिल पाहून झालं की वेळ पक्की करायची, तीही मोघम नाही. "कधी येऊ?" म्हटलं की "सांगतो" हेच उत्तर येतं. त्याऐवजी, "काका, शनिवारी दुपारी चार की रविवारी सकाळी नऊ? तुम्ही, काकू आणि मुलगा तिघंही घरी असाल ती वेळ सांगा." दोन लाखांचा निर्णय एकटा माणूस क्वचितच घेतो, पुण्यातला मुलगा येणार असेल तर तो येईपर्यंत थांबणं स्वस्त पडतं. मग व्हॉट्सअ‍ॅपवर येणाऱ्या माणसाचं नाव, फोटो आणि वेळ पाठवायची, आदल्या संध्याकाळी एक फोन करायचा. गच्चीच्या चारही बाजूंचे फोटो आधीच मागवले, तर सोबत किती उंचीची शिडी घ्यायची तेही कळतं.

विकत मिळणाऱ्या नंबरांच्या याद्यांचा मोह टाळलेला बरा. तीच यादी आणखी चौघांकडे असते आणि माणूस पाचव्या फोनला वैतागलेला असतो. त्यापेक्षा नुकतंच काम झालेल्या कॉलनीत नेट मीटरचं पहिलं बिल आलं की त्या घरमालकाच्या परवानगीने आधीचं आणि नंतरचं बिल शेजाऱ्यांना दाखवावं. त्या गल्लीतल्या चौकशीला जाहिरातीचा खर्च नाही, आणि गच्च्या सारख्याच असल्याने अंदाजही चुकत नाही.

प्रत्यक्ष भेटीत फोनवर न कळणारं एकच मोठं काम उरतं, सावलीचं. मे महिन्यात गेलात तर सातारच्या आकाशात दुपारी सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो आणि पाण्याची टाकी निरुपद्रवी वाटते. तीच टाकी डिसेंबरच्या भर दुपारी आपल्या उंचीच्या सुमारे सात-अष्टमांश लांब सावली उत्तरेला टाकते, आणि सकाळी नऊला त्याहून बरीच लांब. सहा फूट उंच टाकीच्या उत्तरेला चार फुटांवर पॅनेल लावलं, तर हिवाळ्यात उत्पादन घटणार आणि जानेवारीत तक्रारीचा फोन येणार. म्हणून उन्हाळ्यातल्या भेटीत टाकीची उंची मोजून डिसेंबरची सावली खडूने गच्चीवरच आखावी. काका, काकू आणि मुलगा तिघंही ती रेघ बघतात. किती पॅनेल बसतील याचा वाद तिथेच मिटतो आणि कोटेशन त्याच संध्याकाळी देता येतं.