लस टोचली की दूध आटतं?

दसरा जवळ आला की बीड जिल्ह्यातल्या गावांत ऊसतोडीच्या तयारीची गडबड सुरू होते. उचल घेतलेली असते, गाडीची चाकं दुरुस्त होत असतात आणि बैल पश्चिम महाराष्ट्रातल्या कारखान्यांकडे निघायच्या बेतात असतात. तिथल्या तळावर वेगवेगळ्या जिल्ह्यांतली जनावरं कोप्यांशेजारी खेटून बांधली जातात, एकाच हौदावर पाणी पितात, एकमेकांच्या पुढ्यातलं वाढं ओढतात. लाळ्या खुरकूत पसरायला याहून सोयीची जागा शोधून सापडायची नाही. म्हणून गाडी हलण्याच्या किमान तीन आठवडे आधी गावात लसीकरणाचं शिबिर झालेलं बरं. टोचल्या दिवशी लस काम करत नाही. अंगात पुरेशी ताकद तयार व्हायला दोन ते तीन आठवडे जातात. निघायच्या आदल्या दिवशी बैल खोड्यात घालणाऱ्याला हे कुणीतरी सांगायला हवं.

शिबिरात सुया काढण्याआधी पशुवैद्यक दहा मिनिटं बोलतात, त्यात रोगाचं वर्णन थोडक्यात आटोपलं तरी चालतं. दोरीसारखी लोंबणारी लाळ, तोंडातले आणि खुरांच्या बेचक्यातले फोड, मचमच असा तोंडाचा आवाज, हे गावाने पाहिलेलं असतं. मोठं जनावर यात सहसा मरत नाही, पण वासराच्या हृदयावर विषाणूचा घाव बसला तर ते उभ्या उभ्या कोसळतं. संकरित गाय बरी झाल्यावरही कित्येकदा उन्हात धापत राहते, अंगावर लांब केस वाढतात आणि ती पूर्वीच्या दुधावर येत नाही. बैलाच्या खुरात जखम झाली की त्या हंगामातली गाडी उभीच राहते.

एवढं ठाऊक असूनही काही जण शिबिराच्या दिवशी जनावरं रानात पाठवून देतात. कारण विचारलं की उत्तर ठरलेलं: “डॉक्टर, सुई टोचली की गाय दूध चोरते.”

या तक्रारीला हसून उडवणारा डॉक्टर पुढच्या खेपेला रिकाम्या खोड्यासमोर उभा राहतो, कारण तक्रार खोटी नाही. लसीत विषाणू असतो, पण प्रयोगशाळेत वाढवून रसायनाने मारलेला. त्याने रोग होणं शक्य नाही. मात्र शरीराला तो परका म्हणून कळतो आणि ते त्याच्याशी लढायची तालीम सुरू करतं. या तालमीत एखाद-दोन दिवस अंग तापतं, जनावर मलूल होतं, वैरण कमी खातं. खाणं कमी झालं की दूधही कमी होतं, आणि साधारण दोन-चार दिवसांत ते पुन्हा जागेवर येतं. हे दूध घरात प्यायला किंवा डेअरीला घालायला काहीच हरकत नसते.

हिशेब मांडूनच पाहावा. समजा, दहा लिटरची गाय तीन दिवस रोज एक लिटर कमी देते. तीस रुपये भावाने नव्वद रुपये गेले. हीच गाय रोगात सापडली आणि महिनाभर निम्म्या दुधावर राहिली, तर दीडशे लिटर, म्हणजे साडेचार हजार रुपये गेले, औषधपाणी वेगळं.

मानेवर येणारी गाठ ही दुसरी धास्ती. गाय-म्हशीला साधारण दोन मिलिलिटर लस मानेच्या स्नायूत खोल टोचतात. ती तेलात घोटलेली असते, कारण तेलातून ती हळूहळू झिरपते आणि परिणाम जास्त दिवस टिकतो. त्या तेलामुळेच टोचल्या जागी कडक गाठ येते. ती काही आठवड्यांत आपोआप विरते. चोळणं, डाग देणं, ब्लेडने फोडणं, यातलं काहीही करू नये. गाठ दिवसेंदिवस मोठी होत गेली, हाताला गरम लागली, दाबल्यावर मऊ वाटली आणि जनावर मान वळवेना, तर आत पू झाला असं समजावं आणि डॉक्टरांना बोलवावं. बहुधा एकच सुई अनेक जनावरांना वापरल्याने असं होतं. म्हणून प्रत्येक जनावराला नवी सुई मागायला लाजू नये.

खरा धोका क्वचितच उद्भवतो, पण तो टोचल्यानंतरच्या पहिल्या अर्ध्या तासातला असतो. एखाद्या जनावराला लसीची ॲलर्जी असते. पापण्या आणि नाकपुडीभोवती सूज येते, श्वास घरघरतो, तोंडाला फेस येतो, जनावर लटपटतं. डॉक्टरांच्या पेटीत त्यावरचं इंजेक्शन असतं, पण ते वेळेत मिळायला जनावर तिथेच असायला हवं. टोचलं की लगेच दावं सोडून घरची वाट धरणं म्हणूनच बरं नाही. अर्धा तास झाडाखाली बांधावं, मग न्यावं, आणि एक-दोन दिवस बैलाला जुंपू नये. शेवटच्या महिन्यांतली गाभण गाय-म्हैस मात्र खोड्यात ढकलण्याआधी डॉक्टरांना दाखवावी. धक्काबुक्कीनेही गाभडण्याची भीती असते. तिला व्यायल्यावर टोचता येतं.

“मागच्या साली टोचलं, तरी खुरकूत आलंच की!” हा आवाज मागच्या रांगेतून हमखास येतो. त्याचंही उत्तर आहे, आणि ते एकच नाही. विषाणू अंगात शिरल्यावर लक्षणं दिसेपर्यंत दोन दिवस ते दोन आठवडे जातात. या मधल्या काळात टोचलेलं जनावर आजारी पडतं आणि नाव लसीचं होतं. लसीचा ताप आणि रोगाचा ताप घरच्या घरी ओळखता येतो. जबडा उघडून जीभ आणि हिरड्या पाहाव्यात, खुरांच्या बेचक्यात पाहावं. लसीच्या तापात तिथे फोड नसतात आणि लाळेची तार धरत नाही.

दुसरं कारण थंडाव्याचं. ही लस दोन ते आठ अंश सेल्सिअसमध्येच राहावी लागते. दुपारी गाडीच्या टपावर तापलेली लस वाया जातेच, पण बर्फाला चिकटून गोठलेलीही निकामी होते. शिबिरातल्या डब्यात बर्फ आहे का, हे डोकावून पाहायचा हक्क शेतकऱ्याचा आहे.

तिसरं कारण वासरांच्या बाबतीत फार घडतं. चिकातून मिळालेली आईची प्रतिकारशक्ती सुरुवातीचे काही महिने वासराला जपते, पण तीच लसीलाही निष्प्रभ करते. म्हणून पहिला डोस चार महिन्यांचं झाल्यावर, दुसरा महिन्याने आणि पुढे दर सहा महिन्यांनी, असा क्रम आहे. दुसरा डोस चुकला की पहिल्याचा परिणाम लवकर ओसरतो. थोरल्या जनावरांनाही सहा महिन्यांनी टोचावंच लागतं, कारण ही ताकद जन्मभर पुरत नाही. शिवाय जगात या विषाणूचे सात प्रकार आहेत आणि एकावरची लस दुसऱ्याला अडवत नाही. भारतातल्या लसीत इथे आढळणारे तीन प्रकार असतात: ओ, ए आणि एशिया-१. केंद्र सरकारचा २०१९ मध्ये सुरू झालेला राष्ट्रीय पशुरोग नियंत्रण कार्यक्रम याच लसीवर उभा आहे आणि शिबिरातली लस त्यातूनच फुकट मिळते.

गावात रोग आधीच शिरला असेल तर टोचायचा क्रम उलटा होतो. पथक बाहेरच्या वस्त्यांपासून सुरू करून आत, रोगाच्या गोठ्याकडे सरकतं, म्हणजे कपड्यांवरून आणि बुटांवरून विषाणू निरोगी दावणीला पोचत नाही. आजारी जनावराला त्या दिवशी लस देत नाहीत. त्याचं पाणी वेगळं ठेवायचं, त्याची धार सगळ्यात शेवटी काढायची आणि ते बरं होईपर्यंत आठवडी बाजाराला न्यायचं नाही. कानातल्या बिल्ल्यावरचा बारा आकडी क्रमांक आणि टोचल्याची तारीख घरच्या वहीतही लिहून ठेवावी. तळावर पोचल्यावर तिथले डॉक्टर पहिल्यांदा तेच विचारतात.