चेंडू सुटण्याआधी काय घडतं?

नव्याने गोलंदाजी शिकणाऱ्या मुलाचा चेंडू कधी लेगला वाइड जातो, तर कधी फुलटॉस पडतो. "नीट टाक" म्हटल्याने त्यात फरक पडत नाही, कारण नेमकं काय बिघडलं हे त्यालाही कळलेलं नसतं आणि बघणाऱ्यालाही. उडी मारल्यापासून चेंडू सुटेपर्यंतचा खेळ सेकंदभरात आटोपतो. तो उलगडून बघायला मोबाइलचा स्लो मोशन पुरतो. सेकंदाला 240 चित्रं टिपणारा व्हिडिओ 30च्या गतीने चालवला, की तीच हालचाल आठपट संथ दिसते. मोबाइल कंबरेच्या उंचीवर धरा. आधी गोलंदाजाच्या बाजूने, क्रीजच्या रेषेत उभं राहून चित्रण करा, मग त्याच्या मागून.

सुरुवात पकडीपासून करू. शिवण उभी ठेवा. तर्जनी आणि मधलं बोट शिवणीच्या दोन बाजूंना, किंचित अंतर ठेवून टेकवा. अंगठ्याची कड खालून शिवणीवर येऊ द्या. चेंडू बोटांवर असावा. तळवा आणि चेंडू यांच्यामध्ये फट दिसली पाहिजे. चेंडू मुठीत आवळला की मनगट आखडतं आणि सुटताना बोटांचा शेवटचा झटका मिळत नाही. लहान हातात मोठ्यांचा चेंडू दिला तर हे हमखास होतं. पुरुषांच्या सामन्यातला चेंडू सुमारे 156 ते 163 ग्रॅमचा असतो. 13 वर्षांखालील मुलांसाठी 133 ते 144 ग्रॅमचा, आकारानेही लहान चेंडू असतो. तोच द्या.

आता अ‍ॅक्शन. पुढचं वर्णन उजव्या हाताच्या गोलंदाजाचं आहे. डावखुऱ्यांनी बाजू उलट कराव्यात. व्हिडिओ चार जागी थांबवायचा.

पहिला थांबा: मागचा पाय टेकतो. उडीनंतर उजवा पाय जमिनीवर येतो. पाऊल क्रीजला समांतर असेल तर कंबर आणि खांदेही आडवे हवेत. पाऊल फलंदाजाकडे वळलेलं असेल तर छातीही तिकडेच हवी. दोन्ही पद्धती चालतात. कंबर समोर आणि खांदे आडवे, अशी सरमिसळ मात्र नको. त्यात दर चेंडूला कंबरेच्या मणक्याला पीळ बसतो आणि वाढत्या वयात तिथल्या हाडाला बारीक तडा जाण्याचा धोका वाढतो.

दुसरा थांबा: डावा हात वर. डावा हात उंच, नजर फलंदाजाकडे, डोकं सरळ.

तिसरा थांबा: पुढचा पाय टेकतो. डावं पाऊल फलंदाजाच्या दिशेने पडावं. डावा हात खाली येत कंबरेला घासून मागे जावा. तो जसा खाली येतो, तसा उजवा हात वर चढतो.

चौथा थांबा: चेंडू सुटतो. उजवा हात कानाजवळून वर आलेला, मनगट चेंडूच्या पाठीमागे, शिवण उभी. हात खांद्याच्या उंचीला आल्यापासून चेंडू सुटेपर्यंत वाकलेलं कोपर सरळ होता कामा नये. तसं झालं तर तो चेंडू फेकला ठरतो. आंतरराष्ट्रीय सामन्यांत 15 अंशांपर्यंत सूट असते. तेवढा फरक मोबाइलवर मोजता येत नाही, त्यामुळे शंका आली तर प्रशिक्षकांना दाखवा.

एक उदाहरण घेऊ. समजा, अकरा वर्षांच्या मुलीचे सहापैकी चार चेंडू लेगला जातात. पकड ठीक आहे. मागून काढलेला व्हिडिओ तिसऱ्या जागी थांबवला, तर डावा हात खाली येण्याऐवजी दार उघडावं तसा बाहेर गेलेला दिसतो. पुढच्या चित्रात डोकंही डावीकडे कललेलं आहे. अंग तिकडे गेलं की उजवा हात त्याच्यामागे ओढला जातो आणि चेंडूची दिशा बिघडते. उजवा हात दुरुस्त करत बसलो तर काहीच सुधारणार नाही.

उपाय असा: धावणं बंद. दोन्ही पाय तिसऱ्या थांब्याच्या जागी ठेवून उभं राहायचं, वजन मागच्या पायावर. डावा हात यष्टींकडे रोखायचा, खाली ओढून कंबरेमागे न्यायचा आणि चेंडू टाकायचा. अंतर 22 यार्डांऐवजी निम्मं ठेवा. चेंडू सुटल्यावर उजवा हात डाव्या मांडीपलीकडे गेला पाहिजे. हे जमलं की एक पाऊल चालत, मग दोन-तीन पावलं, आणि शेवटी धावत. धावताना डावा हात पुन्हा बाहेर जायला लागला, तर एक पायरी मागे या.

एका वेळी एकच चूक सुधारा आणि पुन्हा चित्रण करून पडताळा. मूल कंबर दुखते म्हणालं, तर मात्र व्हिडिओ बघत बसू नका. गोलंदाजी थांबवा आणि डॉक्टरांना दाखवा.