आठशे ठोके, पाचशे पंचवीस ओळी

व्हीजीएच्या केबलमध्ये एक गोष्ट नसते, आणि ती नसते हे अनेकांना ठाऊक नसतं. कुठल्या क्षणी कुठला पिक्सेल चालू आहे, हे मॉनिटरला सांगणारी तारच त्यात नाही. लाल, हिरव्या आणि निळ्या रंगाच्या तीन तारा असतात. त्यांच्यावर शून्य ते सुमारे ०.७ व्होल्ट इतका दाब सतत वरखाली होत असतो. त्याखेरीज सिंकच्या दोन तारा असतात. ‘आता नवी ओळ सुरू करा’ असं एक तार सांगते, ‘आता पुन्हा वरून सुरू करा’ असं दुसरी. चित्रातली प्रत्येक जागा मॉनिटर या दोन इशाऱ्यांपासून किती वेळ लोटला त्यावरून ठरवतो. म्हणूनच एफपीजीएवरून पडद्यावर काही उमटवायचं झालं तर रंगांच्या आधी घड्याळ जमवावं लागतं.

एफपीजीए म्हणजे आत हजारो छोटे तर्कघटक असलेली आणि त्यांची जोडणी आपल्याला हवी तशी ठरवता येणारी चिप. तिच्यात प्रोसेसर असलाच पाहिजे असं नाही. दिलेल्या क्लॉकच्या प्रत्येक ठोक्याला तिच्यातलं सगळं सर्किट एकाच वेळी एक पाऊल पुढे जातं. सिंकच्या कामाला नेमका हाच गुण लागतो, कारण इथे ‘थोडं उशिरा चालेल’ असं काही नसतं.

शिकणाऱ्यांच्या हाती बहुधा डिजिलंटच्या ‘बेसिस ३’सारखा बोर्ड असतो. त्यावर १०० मेगाहर्ट्झचं क्लॉक आणि व्हीजीएचं जोडणीमुख दोन्ही असतं. पहिला प्रयोग ठरलेला: ६४० बाय ४८० पिक्सेल, सेकंदाला साठ चित्रं. आयबीएमने १९८७ मध्ये पीएस/२ संगणकांबरोबर व्हीजीए आणलं, तेव्हापासून हे माप चालत आलं आहे. मॉनिटर नवा असो वा जुना, व्हीजीएचं जोडणीमुख असेल तर हे माप तो ओळखतो.

गंमत अशी की ६४० पिक्सेलची ओळ प्रत्यक्षात ८०० ठोक्यांची असते. दिसणाऱ्या ६४० ठोक्यांनंतर १६ ठोके नुसता काळोख, मग ९६ ठोके सिंकचा इशारा, मग पुन्हा ४८ ठोके काळोख. उभ्या दिशेलाही तीच तऱ्हा: ४८० ओळी दिसतात, १० रिकाम्या जातात, २ ओळी सिंक, ३३ पुन्हा रिकाम्या. बेरीज ५२५. इशाऱ्याआधीच्या मोकळ्या जागेला ‘फ्रंट पोर्च’ म्हणतात, नंतरच्या जागेला ‘बॅक पोर्च’. एका चित्राला एकूण ४,२०,००० ठोके लागतात आणि त्यांतले १,१२,८०० म्हणजे जवळजवळ २७ टक्के पडद्यावर दिसतच नाहीत.

ही उधळपट्टी जुन्या काचेच्या नळीच्या मॉनिटरची देणगी आहे. त्यात इलेक्ट्रॉनचा झोत डावीकडून उजवीकडे जाई आणि ओळ संपली की त्याला मागे आणावं लागे. झोत वळवणाऱ्या कॉइलमधला प्रवाह क्षणार्धात उलटत नाही, त्याला वेळ लागतो. तेवढ्यात रंग चालू राहिला तर परतीच्या वाटेवर तिरपी रेघ उमटणार, म्हणून काळोख. आजच्या चपट्या पडद्यात झोत नाही, कॉइल नाही. तरी ही मोकळी जागा पाळावीच लागते आणि त्याचं कारण पुढे येईल.

एफपीजीएच्या आत या सगळ्यासाठी फक्त दोन काउंटर पुरतात. जपमाळेची एक फेरी पुरी झाली की बाजूला एक दाणा टाकावा, तसा त्यांचा संबंध असतो. आडवा काउंटर ० ते ७९९ मोजतो. ७९९ झाले की तो शून्यावर येतो आणि त्याच ठोक्याला उभा काउंटर एकाने वाढतो. उभा काउंटर ५२४ नंतर शून्यावर येतो. दोन्हींना दहा बिटांची रुंदी पुरते, कारण दहा बिटांत १०२३ पर्यंत मोजता येतं.

मूळ मापाप्रमाणे ठोके सेकंदाला २ कोटी ५१ लाख ७५ हजार हवेत. १०० मेगाहर्ट्झला चाराने भागलं तर नेमके अडीच कोटी मिळतात. फरक एका टक्क्याहूनही कमी. ओळी सेकंदाला ३१,४६९ ऐवजी ३१,२५० होतात आणि चित्रं ५९.९४ ऐवजी ५९.५२. मॉनिटर सहसा हे चालवून घेतात. मात्र भागलेलं क्लॉक नवं क्लॉक म्हणून सर्किटभर फिरवण्यापेक्षा मूळ क्लॉकच ठेवून दर चौथ्या ठोक्याला ‘आता मोजा’ अशी परवानगी देणं बरं. वेरिलॉग भाषेत सगळा गाभा एवढाच:

```verilog
reg [9:0] h = 0, v = 0;

always @(posedge clk)
  if (pix_en) begin
    if (h == 799) begin
      h <= 0;
      v <= (v == 524) ? 0 : v + 1;
    end else
      h <= h + 1;

    hsync <= ~(h >= 656 && h < 752);
    vsync <= ~(v >= 490 && v < 492);
  end
```

६५६ म्हणजे ६४० अधिक १६. ७५२ म्हणजे त्यात आणखी ९६. पुढचं `~` हे चिन्ह इशारा उलटा करतं, कारण या मापात दोन्ही सिंक एरवी वर असतात आणि इशाऱ्यापुरते खाली येतात. ही दिशा कुणी लहरीने ठरवलेली नाही. दोन्ही सिंक खाली येत असतील तर ४८० ओळी, फक्त आडवा खाली येत असेल तर ४०० आणि फक्त उभा खाली येत असेल तर ३५०, असं आयबीएमच्या मॉनिटरला या दिशांवरूनच कळत असे.

आता कोडमधली एक बारीक गोष्ट. `hsync` ही तुलना थेट बाहेरच्या पिनला न जोडता क्लॉकच्या आत, म्हणजे एका फ्लिप-फ्लॉपमधून बाहेर काढली आहे. थेट जोडली तर काय होतं ते ५११ वरून ५१२ वर जाताना पाहावं. दहाच्या दहा बिट बदलतात, पण सगळे अगदी एकाच क्षणी बदलत नाहीत. एखादा बिट काही अंश नॅनोसेकंद पुढे, एखादा मागे. त्या संक्रमणात तुलना करणाऱ्या सर्किटला क्षणभर 1010111111 म्हणजे ७०३ दिसू शकतं. ७०३ सिंकच्या पट्ट्यात येतो! ओळीच्या ऐन मध्यावर एक सुईसारखा खोटा इशारा बाहेर पडतो आणि तो मॉनिटरने खरा धरला तर चित्र थरथरतं किंवा फाटतं. सिम्युलेशनमध्ये हा दोष बहुधा दिसत नाही, कारण तिथे सगळे बिट शिस्तीत एकदम बदलतात. फ्लिप-फ्लॉप पुढच्या ठोक्यापर्यंत थांबतो, तोवर बिट स्थिरावलेले असतात आणि सुई बाहेर येत नाही.

याची किंमत एका ठोक्याचा उशीर. मग रंगही तेवढेच उशिरा सोडायला हवेत. चित्र चिपच्या आतल्या मेमरीतून येत असेल तर मेमरीही उत्तर द्यायला आणखी एखादा ठोका घेते. तेव्हा सिंकलाही तेवढं थांबवावं लागतं. हा हिशेब चुकला तर चित्र एक स्तंभ सरकतं आणि कडेला भलत्याच पिक्सेलची रेघ येते.

पडदा काळा राहिला तर आधी मॉनिटर काय म्हणतो ते वाचावं. `No Signal` असेल तर इशारे पोचतच नाहीत: पिनची नावं चुकली असतील किंवा काउंटर हलत नसेल. `Out of Range` असेल तर इशारे पोचतात, पण वेग भलताच आहे. नवशिक्यांकडून हमखास होणारी गफलत म्हणजे उभा काउंटर ओळीच्या शेवटी न वाढवता दर ठोक्याला वाढवणं. मग जो इशारा सेकंदाला साठ वेळा यायचा तो ४७ हजारांहून अधिक वेळा येतो. ऑसिलोस्कोप असेल तर खात्री चटकन होते: आडवा सिंक दर ३२ मायक्रोसेकंदांनी ३.८४ मायक्रोसेकंद खाली, उभा दर १६.८ मिलिसेकंदांनी ६४ मायक्रोसेकंद खाली.

याहून फसवा दोष म्हणजे चित्र दिसतं, पण मळकं. सिंक बिनचूक असतात आणि तरी सगळे रंग उतरलेले. शोधणारा माणूस रंगांच्या रोधकांवर संशय घेत बसतो, आणि चूक असते बॅक पोर्चमध्ये. त्या काळोख्या पट्ट्यात रंगांच्या तारांवर जो दाब असेल तो मॉनिटर ‘काळा’ म्हणून धरतो आणि बाकी सगळे रंग त्यावरून मोजतो. तिथे पांढरा चालू राहिला तर मॉनिटरच्या लेखी पांढरा हाच काळा. चपट्या पडद्यालाही मोकळी जागा लागते ती यासाठी. `h < 640 && v < 480` ही अट पुरी होत नसेल तेव्हा तिन्ही रंग शून्य केले की झालं.

आणखी एक चूक तर काहीच बिघडल्यासारखं दाखवत नाही. `h == 799` ऐवजी `h == 800` लिहिलं की ओळ ८०१ ठोक्यांची होते. मॉनिटर चित्र दाखवतो. पण चपटा पडदा ओळींचा वेग मोजतो, त्यावरून हे कुठलं ठरीव माप आहे ते ताडतो आणि ओळीचे आपले ८०० भाग करून प्रत्येक ठिकाणी रंगाचा नमुना घेतो. पाठवणारा ८०१ मोजतोय आणि घेणारा ८००. ओळीभरात दोघांत एका पिक्सेलचं अंतर पडतं आणि कुठेतरी नमुना नेमका दोन पिक्सेलांच्या सीमेवर घेतला जातो. हे उघडं पाडायला एक आड एक काळ्या-पांढऱ्या उभ्या रेघांचं चित्र पुरतं. रंग `h[0]` या बिटाला जोडला की तयार. काउंटर चुकला असेल तर त्या बारीक रेघांत एक राखाडी, धूसर उभा पट्टा दिसू शकतो. मॉनिटरचं आपोआप जुळवणारं बटण पट्टा इकडचा तिकडे सरकवेल, घालवणार नाही.

याच्या जोडीला पडद्याच्या चारही कडांना एक पिक्सेल रुंदीची चौकट काढावी: आडवा काउंटर ० किंवा ६३९ असताना, आणि उभा ० किंवा ४७९ असताना पांढरा. चारही रेघा दिसल्या तर पोर्च बरोबर. शिवाय पूर्ण काळ्या चित्रात मॉनिटरला कड सापडत नाही. चौकट असली की त्याचं जुळवणंही नीट होतं.

यात चित्र कुठेच साठवलेलं नाही. साठवायचं म्हटलं तर ३,०७,२०० पिक्सेल गुणिले १२ बिट, म्हणजे सुमारे ३७ लाख बिट, आणि बेसिस ३ वरच्या चिपमध्ये ब्लॉक मेमरी त्याच्या निम्मीच, सुमारे १८ लाख बिट. म्हणून तिथे रंग त्या त्या क्षणी काउंटरवरूनच काढण्याची रीत आहे. `h[5] ^ v[5]` एवढं लिहिलं की बत्तीस-बत्तीस पिक्सेलांच्या चौकोनांचा वीस बाय पंधराचा पट उमटतो.

एचडीएमआयमध्ये सिंकच्या वेगळ्या तारा गेल्या, पण काउंटर तेच राहिले. काळोखाच्या वेळात दोन्ही सिंक निळ्या रंगाच्या वाहिनीवरून सांकेतिक शब्दांत जातात. झोत मागे आणण्यासाठी एकेकाळी राखलेल्या त्याच मोकळ्या जागेतून आता आवाजही पाठवला जातो.