पुढचे यूएसबी पोर्ट बंद, मागचे चालू

दिवाळीच्या साफसफाईत डेस्कटॉपचा कॅबिनेट उघडून धूळ झटकली जाते, झाकण परत बसते, संगणकही सुरू होतो. पण पुढच्या पोर्टमध्ये पेनड्राइव्ह लावला की काहीच घडत नाही. तोच पेनड्राइव्ह मागे लावला की लगेच दिसतो. मग विंडोज पुन्हा टाकण्याची, ड्रायव्हर शोधण्याची धावपळ सुरू होते. खरे तर मागचे पोर्ट चालतात, यावरूनच पहिला संशय केबलवर घ्यायला हवा.

मागचे पोर्ट थेट मदरबोर्डवर सोल्डर केलेले असतात. पुढचे पोर्ट मात्र कॅबिनेटचे असतात. त्यांच्यातून निघालेली केबल मदरबोर्डवरच्या उघड्या पिनांवर, म्हणजे हेडरवर, नुसती खोचलेली असते. साफ करताना किंवा नवे ग्राफिक्स कार्ड बसवताना हात लागला की ती निसटते. दोन्ही पोर्ट एकदम गेले असतील तर केबलचीच शक्यता जास्त; एकच गेला असेल तर दोष बहुधा त्या पोर्टचा.

तपासण्याआधी संगणक बंद करून पॉवर केबल भिंतीतून काढावी, कारण नुसता बंद केलेल्या संगणकातही हेडरवर ५ व्होल्ट असू शकतात. मग मदरबोर्डच्या कडेला `F_USB` किंवा `JUSB` अशी छापील अक्षरे शोधावीत. यूएसबी २.० चा हेडर ९ पिनांचा असतो. दोन ओळींत दहा जागा, पण एका कोपऱ्यात पिनच नसते. प्लगमध्येही त्याच जागेचे भोक बंद असते. ही खूण जुळवून प्लग सरळ खाली दाबायचा. जोर लावून एक पिन सरकवून बसवला, तर ५ व्होल्टची तार भलत्याच पिनेवर जाते आणि पेनड्राइव्ह किंवा बोर्ड जळू शकतो. जुन्या काही बोर्डांवर फायरवायरचा हेडरही अगदी असाच दिसतो आणि त्यात १२ व्होल्ट असू शकतात. म्हणून अक्षरे वाचल्याशिवाय प्लग लावूच नये.

पेनड्राइव्हचा दिवा लागतो, पण तो संगणकात दिसत नाही, असेही होते. म्हणजे वीज पोचते, डेटाची तार तुटली आहे किंवा पिन वाकली आहे. निळ्या पोर्टची यूएसबी ३.० केबल जाड आणि ताठ असते. तिचा १९ पिनांचा प्लग ओढून काढताना पिना वाकतात, कधी हेडरचे प्लास्टिकच उपटून येते. तिच्यात जुन्या व नव्या वेगाच्या तारा वेगवेगळ्या असल्याने माऊस चालतो, पण यूएसबी ३.० चा पेनड्राइव्ह अडखळतो, अशी चकवणारी अवस्थाही येते.

केबल नीट बसूनही पोर्ट बंदच राहिले, तर ती त्याच प्रकारच्या दुसऱ्या हेडरवर लावून पाहावी. तिथे चालली तर पहिला हेडर बिघडला. तिथेही नाही, तर केबल किंवा पुढची पट्टी बदलावी लागते. फक्त १९ पिनांचा हेडर तुटला असेल, तर १९ वरून ९ पिनांवर नेणारा ॲडाप्टर मिळतो. पुढचे निळे पोर्ट मग यूएसबी २.० च्या वेगाने चालतात.