कामाचा दैनिक अहवाल: गैरसमज आणि वस्तुस्थिती

रस्त्याच्या किंवा पुलाच्या कामावर त्या दिवशी किती मजूर होते, कोणती यंत्रे चालली आणि कोणती उभी राहिली, हवामान कसे होते आणि कोणी कोणती सूचना दिली, याची त्याच दिवशी केलेली लेखी नोंद म्हणजे दैनिक अहवाल. चंद्रपूर आणि गडचिरोली या वनबहुल जिल्ह्यांत कामे लांबण्याची कारणे बहुधा कामाच्या बाहेरची असतात: पुरामुळे तुटलेला रस्ता, वनहद्दीतील हरकत, हंगामात गावाकडे वळलेले मजूर. कामाची मुदत टळून दोन-तीन वर्षांनी विलंबदंडाचा वाद उभा राहतो, तेव्हा संबंधित अभियंत्यांच्या बदल्या झालेल्या असतात आणि हाती उरतो तो बहुतेकदा हा अहवालच. तो त्या वेळी उपयोगी पडेल की नाही, हे काही रूढ गैरसमजांवर अवलंबून असते.

पहिला गैरसमज असा की हवामानाच्या रकान्यात ‘जोरदार पाऊस, काम बंद’ एवढे लिहिले की दिवस सिद्ध झाला. वस्तुस्थिती अशी की पाऊस पडला, हे सिद्ध करणे सर्वांत सोपे असते, कारण त्याचे आकडे महसूल मंडळनिहाय उपलब्ध असतात. सिद्ध करावे लागते ते पावसामुळे नेमके कोणते काम थांबले आणि किती वेळ थांबले, हे. शिवाय हवामान खात्याचा दैनिक पाऊस सकाळी साडेआठला मोजला जातो आणि तो मागील 24 तासांचा असतो, त्यामुळे मंगळवारी दुपारी कोसळलेला पाऊस सरकारी तक्त्यात बुधवारच्या तारखेपुढे दिसतो. अहवालात पाऊस सुरू झाल्याची आणि थांबल्याची वेळ नसेल, तर दोन्ही कागदांतील तारखा जुळत नाहीत आणि खरी नोंदही संशयास्पद ठरते.

भामरागडच्या बाजूला याहून वेगळी अडचण येते. तेथे पर्लकोटा, पामुलगौतम आणि इंद्रावती या नद्या एकमेकींना मिळतात आणि छत्तीसगडच्या बाजूला झालेल्या पावसानेही पाणी चढते, त्यामुळे कामाच्या जागी ऊन असताना पर्लकोटेवरचा जुना ठेंगणा पूल पाण्याखाली जाऊ शकतो. अशा दिवशी पर्जन्यमापकाचा आकडा कंत्राटदाराच्या विरुद्धच बोलतो. म्हणून त्या दिवसाची नोंद पावसाची नसून रस्त्याची असावी लागते: पूल किती वाजता बंद झाला, सिमेंट किंवा खडीच्या किती गाड्या कोठे अडकल्या आणि त्यांच्याअभावी कोणते काम सुरू होऊ शकले नाही.

एक कल्पित उदाहरण घेऊन हा फरक पाहता येईल. समजा, आलापल्लीकडील एका रस्त्याच्या कामावर 9 जुलैला दुपारी पाऊस झाला आणि 10 व 11 जुलैला आकाश कोरडे राहिले. अहवालात केवळ 9 तारखेपुढे ‘पाऊस’ असेल, तर मुदतवाढ एका दिवसाचीच मागता येईल. पण 10 तारखेची नोंद अशी असू शकते: ‘पाऊस नाही. किलोमीटर 7/200 ते 7/600 मुरुमाचा भराव ओला, ओलाव्याची चाचणी 14 टक्के, दबाईसाठी योग्य ओलावा 9 टक्के. रोलर 1 आणि ग्रेडर 1 सकाळी 8 पासून उभे, चालक हजर. 12 मजूर किलोमीटर 5/100 येथील मोरीच्या दगडी पिचिंगवर वळवले. चाचणीच्या वेळी शाखा अभियंता उपस्थित.’ या नोंदीत कारण, जागा, अडलेले काम आणि उभी राहिलेली साधने एका साखळीत येतात, आणि कोरड्या दिवशी काम का थांबले, हेही कळते. मजूर दुसरीकडे वळवल्याचा उल्लेख दावा कमी करणारा वाटतो, पण नुकसान आटोक्यात ठेवण्याचा प्रयत्न झाला, हे दाखवणारा तोच एक तुकडा आहे.

याच अंगाने मजुरांच्या रकान्याविषयीचा गैरसमज समजून घ्यावा लागतो. मस्टर, म्हणजे मजुरीसाठी ठेवलेला हजेरीपट, असताना अहवालात पुन्हा संख्या कशाला, असे विचारले जाते. मस्टर कोणाला किती पैसे द्यायचे ते सांगतो. गवंडी किती, सेंटरिंगवाले किती, बिगारी किती आणि ते कोणत्या जागी कोणत्या कामावर होते, ते अहवालानेच सांगायचे असते. मे महिन्यात तेंदूपत्ता आणि जुलैत धानाची रोवणी सुरू झाली की या भागातील स्थानिक मजूर कामावरून कमी होतात. ही जोखीम साधारणपणे कंत्राटदाराची मानली जाते, म्हणून ती घट लपवून आकडा 40 चा 40 ठेवण्याचा मोह होतो. तो अत्यंत घातक आहे. उलटतपासणीत एका महिन्याची संख्या खोटी ठरली, की उरलेल्या अकरा महिन्यांच्या खऱ्या नोंदींवरचाही विश्वास उडतो. उलट, स्वतःच्या गैरसोयीची गोष्टही जेथे त्याच दिवशी लिहिली आहे, तो अहवाल लवादाला अधिक विश्वसनीय वाटतो. यंत्रांबाबत नियम थोडक्यात असा की ‘जेसीबी 1, रोलर 1’ ही यादी पुरेशी नसून चाललेले तास, बिघाडाचे तास आणि काम नसल्याने उभे राहिलेले तास वेगळे लिहावेत व तासमापकाचा आकडा सोबत द्यावा, कारण बिघाडाची भरपाई कोणी देत नाही.

वाद खऱ्या अर्थाने चिघळतो तो सूचनांवरून. वनरक्षक येऊन तोंडी काम थांबवायला सांगतो, कंत्राटदार ‘वनविभागाने काम बंद केले’ असे लिहितो, आणि पुढे असा कोणताही आदेश दिला नसल्याचे त्या कार्यालयाचे उत्तर येते. सांगणाऱ्याचे पद, वेळ, किलोमीटर आणि शक्यतो त्याचेच शब्द नोंदवून, त्याच दिवशी शाखा अभियंत्याला पत्राने कळवून लेखी आदेश मागितला असेल, तरच ती नोंद टिकते. विभागाच्या अभियंत्याने तोंडी सांगितलेल्या बदलाचेही तसेच: तो साइट ऑर्डर बुकात, म्हणजे कामावरच ठेवलेल्या आदेशवहीत, उतरवून घ्यावा. अहवालावर विभागाची सही नसेल तर तो निरर्थक, हाही गैरसमजच होय. सही नाकारली गेल्यास तसे लिहून प्रत त्याच दिवशी ईमेलने पाठवावी. मिळालेल्या प्रतीला मुदतीत हरकत घेतली गेली नाही, याला वजन असते. मात्र सहीचा अर्थ बहुधा ‘पाहिले’ एवढाच असतो, मागणी मान्य झाली असा नसतो.

सर्वांत महागात पडणारा समज म्हणजे अहवालात लिहिले, म्हणजे विभागाला कळवले. महाराष्ट्राच्या सार्वजनिक बांधकाम विभागाच्या बी-1 नमुन्यातील करारात कलम 6 नुसार मुदतवाढीचा लेखी अर्ज अडथळा उद्भवल्यापासून 30 दिवसांच्या किंवा निविदेतील मुदत संपण्याच्या आत, जे आधी येईल तेव्हा, करावा लागतो. अहवाल त्या अर्जाला आधार देतो, त्याची जागा घेत नाही. लवाद, म्हणजे पक्षांनी नेमलेला खासगी न्यायनिवाडा करणारा, 1996 च्या कायद्याच्या कलम 19 मुळे साक्षीपुराव्याच्या कायद्याने बांधलेला नसतो. पण वाद दिवाणी न्यायालयात गेला, तर 1 जुलै 2024 पासून लागू झालेला भारतीय साक्ष्य अधिनियम पाहावा लागतो. त्याच्या कलम 162 प्रमाणे साक्षीदार स्वतः घटनेच्या वेळी किंवा तिच्यानंतर लगेच लिहिलेली नोंद पाहून स्मृती ताजी करू शकतो, आणि आठवड्याअखेरीस एका बैठकीत भरलेली सात पाने नेमकी येथे अडखळतात. मोबाइलवरची छायाचित्रे मूळ उपकरणाऐवजी प्रतीच्या रूपात दिली, तर कलम 63 खालचे प्रमाणपत्र लागते. जालना विधानसभा निवडणुकीच्या वादातून आलेल्या अर्जुन पंडितराव खोतकर प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये, तेव्हाच्या कायद्यातील अशाच तरतुदीखाली, हे प्रमाणपत्र अनिवार्य ठरवले होते. म्हणून छायाचित्रे ज्या फोनवर काढली तो फोन विकण्यापूर्वी मूळ फायली तारखेसह उतरवून घेणे आणि त्या कोणी सांभाळल्या हे लिहून ठेवणे, ही दैनिक अहवालाच्याच कामाची बाजू आहे.