अपंग कारागिराचा आरोग्य विमा : कंपनीचा इन्कार कुठे चालतो, कुठे नाही

दुकानाचा आणि मालाचा विमा उतरवणारा आपला व्यापारी घरातल्या अपंग भावाच्या किंवा मुलाच्या आरोग्य विम्याचा विषय निघाला की गप्प बसतो. एजंटने एकदा सांगितलेले असते, "पोलिओवाल्याला पॉलिसी मिळत नाही," आणि तेवढ्यावर विषय मिटतो. हे उत्तर पूर्वी बहुतेकांना मिळत असे. आज ते खरे मानण्याचे कारण नाही, म्हणून हा विषय आम्ही या पानावर घेत आहोत.

२०२२ च्या डिसेंबरमध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने या बाबतीत निकाल दिला. पाठीच्या कण्याला इजा होऊन व्हीलचेअरला खिळलेल्या, पण नोकरी करून कमावणाऱ्या एका गृहस्थांना विमा कंपन्यांनी आरोग्य पॉलिसी नाकारली होती. अपंग व्यक्तीलाही आरोग्य विम्याचा हक्क आहे, असे न्यायालयाने म्हटले आणि विमा नियामक प्राधिकरणाला कंपन्यांकडून तशा पॉलिसी तयार करून घेण्यास सांगितले. त्यानंतर फेब्रुवारी २०२३ मध्ये प्राधिकरणाने आरोग्य विमा विकणाऱ्या सर्व कंपन्यांना अपंगांसाठी पॉलिसी काढणे बंधनकारक केले आणि तिचा नमुनाही ठरवून दिला.

याचा अर्थ कंपनीला काहीच अधिकार उरला नाही, असा मात्र नाही. ती तपासणी मागू शकते, जास्त हप्ता लावू शकते आणि जुन्या आजारासाठी काही काळ थांबायला सांगू शकते. एखादी ठरावीक पॉलिसी नाकारण्याचाही तिला अधिकार आहे, पण त्याचे कारण तिने लेखी द्यायला हवे. "हा अपंग आहे, आमच्याकडे अशांना काही नाही" एवढे म्हणून ती मोकळी होऊ शकत नाही. एजंटचा तोंडी नकार हा कंपनीचा नकार नव्हे. म्हणून प्रस्तावाचा फॉर्म भरून द्यावा आणि त्याची पोच घ्यावी.

एक उदाहरण घेऊ. समजा, लालबागच्या गल्लीत दोन मशीनवर शिलाईचे काम करणारा ४२ वर्षांचा एक कारागीर आहे. लहानपणी पोलिओ झाल्याने डावा पाय बारीक आहे आणि तो कॅलिपर लावून चालतो. तीन वर्षांपासून त्याला मधुमेहही आहे.

त्याचे पहिले काम प्रमाणपत्राचे. खास पॉलिसीसाठी किमान ४० टक्के अपंगत्वाचे सरकारी प्रमाणपत्र लागते. अर्ज swavlambancard.gov.in वर करायचा आणि तपासणी सरकारी किंवा पालिकेच्या रुग्णालयात होते. परळचे केईएम किंवा हाजी अलीजवळची केंद्र सरकारची पुनर्वसन संस्था आपल्या भागातून जवळ पडते. आपल्या कारागिराला ५० टक्क्यांचे प्रमाणपत्र मिळाले, असे धरू.

तरीही त्याने आधी साधी आरोग्य पॉलिसीच मागावी, असा आमचा सल्ला आहे. बारीक झालेला पाय हा स्वतः आजार नाही. कण्याला इजा झालेल्या माणसाला लघवीचा संसर्ग, मूत्रपिंडाचा त्रास, पाठीला जखमा होण्याची भीती असते, म्हणून कंपनी त्याच्या बाबतीत हात आखडते. पोलिओच्या पायाचे तसे नाही. इथे कंपनीचे खरे लक्ष मधुमेहाकडे राहील. साध्या पॉलिसीत रक्कम मोठी मिळू शकते आणि बऱ्याच पॉलिसींत बिलाचा हिस्सा आपल्याला भरावा लागत नाही. तिथे लेखी नकार आला, किंवा हप्ता झेपण्यापलीकडचा सांगितला, तर मग खास पॉलिसीकडे वळावे.

खास पॉलिसीच्या नमुन्यात विम्याची रक्कम ४ किंवा ५ लाख आहे. अपंगत्वाशी निगडित उपचारांसाठी २४ महिने थांबावे लागते. मधुमेहासारख्या इतर जुन्या आजारांसाठी, २०२४ च्या नियमांप्रमाणे, ही मुदत ३ वर्षांहून जास्त ठेवता येत नाही. प्रत्येक बिलातले २० टक्के आपण भरायचे असतात. जादा हप्ता देऊन ही अट काढून घेता येते. खोलीचे भाडे रोज विमा रकमेच्या १ टक्का, म्हणजे ५ लाखांवर ५,००० रुपये, एवढेच धरले जाते.

आता चौथ्या महिन्यात हा कारागीर दुकानाच्या पायरीवरून घसरला, हाताचे हाड मोडले आणि प्लेट बसवावी लागली. हा अपघात आहे, पोलिओचा उपचार नव्हे. म्हणून २४ महिन्यांची अट इथे लागू नये. केसपेपरवर पडण्याचे कारण डॉक्टरांकडून स्पष्ट लिहून घ्यावे, नाहीतर कंपनीला हुज्जत घालायला जागा मिळते.

त्याने रोज १०,००० रुपयांची खोली घेतली. बिल २ लाखांचे झाले : चार दिवसांची खोली ४०,०००, डॉक्टर व शस्त्रक्रियेचा खर्च ८०,०००, औषधे व प्लेट ८०,०००. खोली हद्दीच्या दुप्पट भाड्याची असल्यामुळे खोलीचे निम्मे पैसे कापले जातात, आणि त्याच प्रमाणात डॉक्टर व शस्त्रक्रियेचा खर्चही निम्मा होतो. औषधे व प्लेट यांना ही कपात लागत नाही. उरतात १,४०,०००. त्यातून २० टक्के वजा जाता हाती येतात १,१२,००० आणि खिशातून जातात ८८,०००. हद्दीतली खोली घेतली असती तर प्रमाणाची ही कपात झालीच नसती. भरती होताना खोलीचे भाडे विचारणे का गरजेचे, ते यावरून दिसेल. कुबड्या, वॉकर यांसारख्या चालण्याच्या साधनांचा खर्च सहसा पॉलिसीत बसत नाही, हेही धरून चालावे.

पण सगळ्यात मोठा धोका फॉर्ममध्ये असतो. धंदा हातचा जाऊ नये म्हणून एजंट मधुमेहाच्या रकान्यात "नाही" लिहून टाकतो. पुढे दाव्याच्या वेळी जुनी चिठ्ठी सापडली की कंपनी माहिती लपवल्याचा ठपका ठेवून दावा फेटाळते. सलग ५ वर्षे पॉलिसी चालल्यावर फसवणूक सिद्ध झाल्याशिवाय कंपनीला हा मुद्दा काढता येत नाही, पण तोवर टांगती तलवार राहते. पॉलिसी हाती आली की तिच्यासोबतची फॉर्मची प्रत वाचावी. चूक असेल तर कंपनीला लेखी कळवावे. पॉलिसीच मान्य नसेल तर ३० दिवसांत ती परत करता येते. पॉलिसी चालू असताना दावा केला, म्हणून कंपनी नूतनीकरण नाकारू शकत नाही.

नकाराचे कारण पटत नसेल तर आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला लिहावे. तिथे दाद न लागल्यास नियामक प्राधिकरणाच्या बीमा भरोसा या व्यवस्थेकडे जावे. तिचा पत्ता bimabharosa.irdai.gov.in आणि फोन १५५२५५. दावा फेटाळला गेला असेल आणि कंपनीने महिनाभरात समाधान केले नाही, तर सांताक्रूझ येथील विमा लोकपालाकडे वर्षाच्या आत अर्ज करता येतो. तिथे फी नाही, वकील लागत नाही, आणि ५० लाखांपर्यंतचे दावे ऐकले जातात.

थांबण्याच्या मुदतीतही माणूस अगदी उघडा पडत नाही. रेशनकार्ड असलेल्या महाराष्ट्रातल्या कुटुंबाला महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत वर्षाला ५ लाखांपर्यंतचे ठरावीक उपचार संलग्न रुग्णालयांत मोफत मिळतात, आणि तिथे जुन्या आजारासाठी थांबावे लागत नाही. म्हणून पॉलिसीच्या फाइलमध्ये तीन कागद एकत्र ठेवावेत : अपंगत्वाचे प्रमाणपत्र, फॉर्मची प्रत आणि रेशनकार्ड.