विश्लेषण : बिल हरवले, खर्च कसा मागायचा? घोषणापत्र आणि दुय्यम प्रत यांत फरक काय?

ऑगस्टमधल्या घोटीच्या पावसात रेनकोटच्या खिशात ठेवलेले बिल कोरडे राहील, याची खात्री देता येत नाही. भाताचा हंगाम सुरू होण्याआधी इथल्या राइस मिलमधली यंत्रे तपासली जातात. समजा, त्यासाठी सातपूरच्या एका कारखान्याचा तंत्रज्ञ 12 ऑगस्ट 2025 रोजी घोटीत आला. बेअरिंग बदलावे लागले. बाजारातल्या दुकानातून त्याने ते घेतले : किंमत 2,400 रुपये, 18 टक्के जीएसटी 432, एकूण 2,832. पैसे यूपीआयने स्वतःच्या खात्यातून दिले. कारखान्यात परतेपर्यंत बिलाचा लगदा झाला होता. आता हे पैसे परत कसे मिळवायचे?

घोषणापत्राने काय साधते?

खर्च खरोखर झाला आणि तो आपणच केला, एवढे घोषणापत्र सांगते. बहुतेक कंपन्यांत साध्या कागदावरचे चालते. स्टॅम्प पेपर फक्त कंपनीच्या नियमात असेल तरच लागतो. मजकूर मात्र मोघम नको. ‘बिल गहाळ झाले, कृपया पैसे मिळावेत’ असे लिहिलेले पत्र लेखाविभागातून परत येते आणि ते योग्यच आहे. या तंत्रज्ञाने असे लिहावे :

‘दि. 12 ऑगस्ट 2025 रोजी घोटी येथील (दुकानाचे नाव) येथून मिलच्या दुरुस्तीसाठी एक बेअरिंग रु. 2,832 ला घेतले. रक्कम माझ्या खात्यातून यूपीआयने दिली. संदर्भ क्रमांक (12 अंकी). मूळ बिल पावसात भिजून नष्ट झाले. या खर्चाची मागणी मी अन्यत्र केलेली नाही व करणार नाही.’

शेवटचे वाक्य सर्वांत महत्त्वाचे, कारण एकाच बिलावर दोनदा पैसे उचलले जातील हीच लेखापालाची खरी भीती असते. बिल नष्ट न होता नुसते हरवले असेल, तर ‘सापडल्यास जमा करीन’ हेही लिहावे. सोबत यूपीआय व्यवहाराचा स्क्रीनशॉट आणि त्या दिवशीच्या कामाचा मिल मालकाची सही असलेला सर्व्हिस रिपोर्ट जोडला, की मागणी भक्कम होते.

मग दुय्यम प्रत कशाला?

त्या 432 रुपयांसाठी. नोंदणीकृत कंपनीला हा कर आपल्या देय करातून वजा करता येतो. त्यासाठी जीएसटी कायद्याच्या कलम 16 नुसार कर बीजक हाती असावे लागते. कर्मचाऱ्याने स्वतः लिहिलेले घोषणापत्र त्या जागी चालत नाही. म्हणून काही कंपन्या नुसत्या घोषणापत्रावर 2,400 च देतात आणि कराचा भुर्दंड कर्मचाऱ्यावर पडतो.

दुकानदाराकडे जाताना शब्द जपून वापरावा. मालाचे बीजक तीन प्रतींत निघते : मूळ ग्राहकाची, दुसरी वाहतूकदाराची, तिसरी दुकानदाराची. ‘डुप्लिकेट’ म्हटले, की वाहतूकदाराची प्रत असा अर्थ निघू शकतो. त्यापेक्षा ‘तुमच्याकडच्या प्रतीची सही-शिक्का असलेली नक्कल द्या’ असे सांगावे. तारीख, रक्कम आणि यूपीआय क्रमांक दिला, की बिल शोधणे सोपे जाते. ‘जुनी बिले ठेवत नाही’ हे उत्तर नोंदणीकृत व्यापाऱ्याला देता येत नाही. कलम 36 नुसार वार्षिक विवरणाच्या मुदतीपासून 72 महिने कागदपत्रे जपावी लागतात, म्हणजे हे बीजक डिसेंबर 2032 पर्यंत.

‘त्यापेक्षा नवीन बिल फाडून देतो’ असे दुकानदार सहज म्हणतो. ते घेऊ नये. नवा क्रमांक, नवी तारीख म्हणजे एकाच बेअरिंगची दोनदा विक्री. नक्कलेवर क्रमांक आणि तारीख जुनीच हवी.

क्रमांक बरोबर आहे का, हे कंपनीच्या GSTR-2B मध्ये दिसते. ऑगस्टची खरेदी 14 सप्टेंबरच्या सुमारास तिथे येते. दुकानदार तिमाही विवरण भरत असेल तर ऑक्टोबरमध्ये. तिथे नोंद नसेल, तर बहुधा बिल करताना कंपनीचा जीएसटी क्रमांकच दिला नव्हता. तशा बिलाची नक्कल मिळूनही वजावट मिळत नाही. दुकानदार कंपोझिशन योजनेत असेल तर त्याच्या बिलात कर वेगळा नसतोच. मग नकलेसाठी घोटीची खेप करण्यापेक्षा घोषणापत्रावर काम भागवावे. नक्कल येईपर्यंत लेखाविभागाने कर्मचाऱ्याचे पूर्ण पैसे देऊन फक्त वजावट थांबवून ठेवावी, हे जास्त न्याय्य. 2025-26 च्या बीजकावरची वजावट घेण्यास साधारणपणे 30 नोव्हेंबर 2026 पर्यंत मुदत आहे. वार्षिक विवरण त्याआधी भरले, तर तेवढीच.

टोल आणि पेट्रोलचे काय?

त्यांची पावती हरवली तर फारसे बिघडत नाही. घोटी टोलनाक्यावर कापलेली रक्कम फास्टॅगच्या विवरणात नाक्याचे नाव आणि वेळेसह असते. ते बँकेच्या अ‍ॅपवरून काढून जोडावे. पेट्रोल जीएसटीबाहेर असल्याने वजावटीचा प्रश्नच नाही. तिथे घोषणापत्र, यूपीआयची नोंद आणि गाडीच्या किलोमीटरचा हिशेब पुरतो.